बोलता-बोलता चूक झाली, तर तिथंच अडवायचं की नंतर सांगायचं?

आमच्या बेळगावात भाषेवरून बातमी नाही असा महिना जात नाही. कधी दुकानाच्या पाटीवरून, कधी बसमधल्या बोलण्यावरून, कधी सरकारी कागदावरून. त्या वादात मी इथं शिरत नाही. पण त्या सगळ्या गलक्याच्या मागं एक गोष्ट शांतपणे चालू आहे, ती म्हणजे बरीच मराठी माणसं कन्नड बोलायला शिकतायत, कुणाला दवाखान्यात अडतं, कुणाला ऑफिसात, कुणी चंदगड-गडहिंग्लजकडून लग्न होऊन इकडं आलेली आहे आणि सासरी आल्यावर पहिल्यांदाच कन्नड कानावर पडलंय. मी वडगावात संध्याकाळी असा एक छोटा बोलायचा क्लास घेतो, चौदा-पंधरा जण असतात. पहिल्याच दिवशी जवळजवळ सगळे एकच सांगतात, "सर, चुकलं की लगेच सांगूचं हां."

मी बरीच वर्षं तसंच करत होतो, चूक आली की तिथंच पकडायचो. आणि त्यातून काय होतं हे मला एका वैनींमुळं नीट कळलं, म्हणून त्यांच्या दोन मिनिटांच्या बोलण्यावरच हा सगळा लेख उभा करतोय.

दोन मिनिटं आणि सात अडवणुकी

काम सोपं होतं. काल काय काय झालं ते शेजारच्याला दोन मिनिटं कन्नडमध्ये सांगायचं. वैनी आदल्या दिवशी दवाखान्यात गेल्या होत्या. त्यांनी सुरुवात चांगली केली, "निन्ने नानु आस्पत्रेगे होदे", काल मी दवाखान्यात गेले, अगदी बरोबर. मग म्हणाल्या, "बस लेटागि बंदळु", म्हणजे बस उशिरा आली.

मी म्हटलं, "बंदळु नाही वैनी, बंतु."

"हां हां, बंतु." पुढं गेल्या, चिठ्ठी मिळाली हे सांगायला. "चीटि... चीटि सिक्कळु..."

"सिक्कितु."

"सिक्कितु." मग जरा थांबल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि त्यानंतर दर क्रियापदाला माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. दोन मिनिटांत मी त्यांना सात वेळा अडवलं आणि त्यांची एकूण वाक्यं झाली पाच, त्यातलं शेवटचं मराठीत होतं, "ऱ्हाऊ दे सर, येईना मला." कन्नड त्यांना येत होतं की, पहिलं वाक्य साक्षीला आहे. मी येऊ दिलं नाही.

पण चूक होते तरी का?

"बस बंदळु" ही निष्काळजी चूक नाही, त्यामागं पक्कं लॉजिक आहे. मराठीत बस ती, पाऊस तो, पाणी ते, म्हणजे निर्जीव वस्तूलासुद्धा आपण बाई-पुरुष करून टाकतो. कन्नडमध्ये लिंग बघतात ते मुख्यतः माणसाचं, देवादिकांचं, बाकी वस्तू सगळ्या नपुंसक. तो आला बंदनु, ती आली बंदळु, ते आलं बंतु. आता मराठी डोक्याला बस ही "ती" आहे, मग ती आली म्हणजे बंदळुच होणार. गाडी गेली म्हणून "गाडि होदळु", खरं पाहिजे "होयितु". कन्नड माणसाला हे ऐकताना गंमत वाटते कारण त्याच्या कानाला बस कुणी बाई असल्यासारखी येते, पण अर्थ त्याला पूर्ण कळतो. हे लक्षात ठेवा, पुढं याच्यावरच निर्णय आहे.

अशी नियमात बसणारी चूक आणि नुसती जीभ घसरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा फरक पिट कॉर्डर नावाच्या अभ्यासकानं 1967 मध्येच मांडला. जीभ घसरली असेल तर माणूस स्वतःच सुधारतो, तुम्ही नुसतं भुवई उंचावून दोन सेकंद गप्प बसा, तो "अय्यो, बंतु" म्हणेल. नाही म्हणाला, तुमच्याकडं बघतच राहिला, तर ते त्याला अजून माहीतच नाही किंवा जिभेवर बसलेलं नाही, आणि जे बसलेलंच नाही ते एकदा ओरडून बसत नाही.

अडवल्यावर डोक्यात नेमकं काय तुटतं

बोलताना डोकं तीन कामं जवळजवळ एकदम करतं. काय सांगायचं ते ठरवणं, त्याला शब्द आणि प्रत्यय लावणं, आणि तोंडातून काढणं. आपल्या भाषेत मधलं काम आपोआप होतं म्हणून आपण भाजी निवडत-निवडत बोलू शकतो. नव्या भाषेत ते मधलंच काम सगळी ताकद खातं. वैनींच्या डोक्यात "बस आली" म्हणताना पुढचं "मग मी चिठ्ठी काढली" हे रांगेत उभं होतं. मी "बंतु" म्हणून हाक मारली की लक्ष तिकडं गेलं आणि रांगेतलं वाक्य सांडलं, मग ते परत गोळा करायचं, तेवढ्यात दुसरी हाक.

वडगाव-शहापूरच्या मागवाल्यांना हे लगेच पटेल. माग चालू असताना ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवायलाच लागतो, नाहीतर दोष पुढं कापडभर जातो. पण कुठं गाठ आली, कुठं डाग पडला, म्हणून कुणी दर वेळी माग बंद करत नाही, कापड उतरल्यावर पसरून बघतात आणि दुरुस्त करतात. मी त्या दिवशी प्रत्येक गाठीला माग बंद करत होतो.

प्रवाह तुटतोय हे ओळखायला मला आता तीन खुणा माहीत झाल्यात. वाक्यं आखूड व्हायला लागतात. माणूस ऐकणाऱ्याकडं न बघता माझ्याकडं बघतो. आणि जे येतं तेवढंच बोलतो, अवघड वाक्याच्या वाटेलाच जात नाही. ही तिसरी खूण सगळ्यात वाईट, कारण चुका कमी दिसतात आणि आपल्याला वाटतं सुधारणा झाली.

मग हळूच सुधारून परत म्हटलं तर?

हा सगळ्यांचा लाडका उपाय. विद्यार्थी म्हणाला "बस बंदळु", आपण मान हलवत म्हणायचं "हां, बस बंतु, आमेले?", म्हणजे "मग पुढं?". याला शिकवणाऱ्यांच्या भाषेत रिकास्ट म्हणतात, चुकीचं वाक्य न टोकता बरोबर करून परत म्हणणं. ऐकायला फार छान. प्रवाह तुटत नाही, कुणाचा अपमान होत नाही.

अडचण अशी की समोरच्याला ते सुधारणं आहे हे बऱ्याचदा कळतच नाही, त्याला वाटतं सर "हो हो" म्हणतायत. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी केलेला 1997 चा अभ्यास यावर प्रसिद्ध आहे. तिथं शिक्षकांच्या एकूण सुधारण्यांपैकी निम्म्याहून जास्त रिकास्ट होते, पण मुलांनी त्यांना काहीतरी प्रतिसाद दिला तो साधारण 31 टक्के वेळाच. उलट जिथं शिक्षकानं उत्तर न देता वाक्य अर्धवट सोडून मुलालाच पूर्ण करायला लावलं, तिथं मुलं दर वेळी काही ना काही बोलली, अर्थात दर वेळी बरोबरच बोलली असं नाही. रिचर्ड श्मिट या भाषाशास्त्रज्ञानं स्वतः ब्राझीलमध्ये राहून पोर्तुगीज शिकताना डायरी ठेवली होती, आणि त्यालाही नंतर दिसलं की लोक त्याला सुधारत होते आणि त्याच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. भाषाशास्त्रज्ञाची ही गत, तर दिवसभर काम करून संध्याकाळी क्लासला आलेल्या माणसाला दोष कसा देणार.

म्हणून मी रिकास्ट वापरतो पण एका ठिकाणीच, जिथं शब्द अडलाय. माणूस "अदु... अदु..." करत चाचपडतोय, तर शब्द हातात द्यायचा आणि पुढं जाऊ द्यायचं. नियमाच्या चुकीला त्याचा फारसा उपयोग होताना मला दिसला नाही.

लगेच अडवायचं ते कधी

अडवायची वेळ असते, आणि वैनींच्याच गोष्टीत ती होती. त्या दवाखान्यात केबिनमध्ये बसलेल्या माणसाला डॉक्टर समजल्या, तो निघाला कंपाउंडर. हे सांगताना त्या म्हणाल्या, "अवरु डॉक्टर इल्ल."

मराठीत "नाही" एकटंच दोन कामं करतं. डॉक्टर इथं नाहीत, आणि ते डॉक्टर नाहीत. कन्नडला दोन वेगळे शब्द लागतात, जागेवर नसेल तर इल्ल, आणि ती गोष्टच ती नव्हे असं सांगायचं असेल तर अल्ल. "डॉक्टर इल्ल" म्हणजे डॉक्टर नाहीत, आलेले नाहीत. "डॉक्टर अल्ल" म्हणजे हा माणूस डॉक्टर नव्हे. दवाखान्यात हा फरक लहान नाही, समोरचा तुम्हाला बाहेर बाकावर बसवून ठेवेल.

इथं ऐकणाऱ्याला अर्थच चुकीचा कळला, म्हणजे ताण्याचा धागा तुटला. ही चूक पाच मिनिटांनी सांगून चालत नाही कारण पुढची सगळी गोष्ट चुकीच्या पायावर चालेल. पण इथंही मी नियम सांगत बसत नाही. ऐकणारा माणूस जसा गोंधळेल तसं गोंधळून विचारायचं. पुढच्या आठवड्यात वैनींनी हीच गोष्ट परत सांगितली आणि परत "इल्ल" म्हणाल्या, तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर बंदिल्लवा?", डॉक्टर आलेच नाहीत का?

वैनी गडबडल्या आणि मराठीत आल्या, "न्हवं न्हवं सर, त्यो डॉक्टर न्हवं, कंपाउंडर."

"आता न्हवं म्हणालात ना, त्याला कन्नडमध्ये काय?"

"अल्ल!" आणि लगेच, "अवरु डॉक्टर अल्ल, कंपाउंडर."

सगळं मिळून दहा सेकंद गेले असतील. आपल्या बोलीतलं "न्हवं" अजून जिवंत आहे आणि ते बरोबर "अल्ल"च्या जागी बसतं, हे मला त्या दिवशी वैनींनी शिकवलं. आता इल्ल-अल्ल शिकवताना मी सरळ न्हवंपासूनच सुरू करतो.

लगेच अडवायची दुसरी वेळ म्हणजे आपण आज नेमकी तीच गोष्ट घटवतोय तेव्हा. बंदनु-बंदळु-बंतुचा सराव चालू आहे, वाक्यं एकेक ओळीची आहेत, तिथं चूक तशीच सोडली तर सराव चुकीचाच होतो. तिथं प्रवाह नसतोच, तुटायचा प्रश्न नाही.

आणि बाकीचं नंतर, पण नंतर म्हणजे कसं

दुसऱ्या आठवड्यात मी मागं बाकावर वही घेऊन बसलो. वैनी बोलत होत्या आणि मी शब्दाला शब्द उतरवत होतो, मनात सुधारून नाही, जसं कानावर आलं तसंच. "बस लेटागि बंदळु." "चीटि सिक्कळु." "गाडि होदळु." आणि एक चांगलं वाक्यही, "नानु हत्तु गंटेगे बंदे", मी दहा वाजता आले. चांगलं वाक्य मुद्दाम घ्यायचं, नाहीतर फळ्यावर आलं म्हणजे चुकलंच असं डोक्यात बसतं.

सगळ्यांचं बोलून झाल्यावर पाचच वाक्यं फळ्यावर लिहिली, नावं न घालता. दोघा-दोघांनी मिळून तीन मिनिटांत ठरवायचं, कुठली बरोबर आणि कुठली दुरुस्त करायची. "बस बंदळु" जवळ वर्ग अडकला. मी उत्तर दिलं नाही, विचारलं, "उशीर झाला तर तुम्ही काय म्हणता?" सगळे एकदम, "लेट आय्तु." "लेट आदळु म्हणता काय?" हसायला लागले सगळे. आता बेळगावात कन्नड न येणारा माणूससुद्धा दिवसातून दहा वेळा आय्तु म्हणतो, म्हणजे नपुंसकाचं रूप त्यांच्या तोंडात आधीपासून बसलेलं आहे, फक्त बंतु आणि होयितु ही त्याचीच भावंडं आहेत हे कुणी दाखवलं नव्हतं. एवढा शोध दोन मिनिटं बोलणाऱ्या माणसाला मध्येच अडवून होत नाही, त्याला जरा निवांतपणा लागतो.

आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे मी आधी कधीच करत नव्हतो. तीच गोष्ट परत सांगायची, दुसऱ्या माणसाला, थोड्या कमी वेळात. याची एक जुनी पद्धत आहे, एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना चार, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. आमच्या नव्या लोकांना चार मिनिटं झेपत नाहीत म्हणून मी दोन मिनिटं आणि मग दीड करतो. दुसऱ्या फेरीत काय सांगायचं हे आधीच तयार असतं, त्यामुळं डोक्यात प्रत्ययाकडं बघायला जागा मोकळी होते. वैनी दुसऱ्या फेरीत म्हणाल्या, "बस लेटागि बंद... बंतु." ही अर्ध्यातून वळलेली जीभ हीच खरी खूण, नुसतं माझ्या मागून "बंतु" म्हणण्याला मी आता काही किंमत देत नाही. त्याच फेरीत "गाडि होदळु" मात्र तसंच राहिलं.

तिथंच सांगितलं नाही तर चूक पक्की नाही का बसणार?

ही भीती खोटी नाही. चूक वर्षानुवर्षं तशीच गोठून राहते हे लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्ये नोंदवलं आणि बाजारात रोज ऐकायलाही मिळतं, तीस वर्षं धंदा करणारा माणूस अजून गाडि होदळुच म्हणतो. पण त्याला तीस वर्षांत कुणी उशिरा सांगितलं म्हणून ते झालं नाही, कुणी सांगितलंच नाही आणि त्याचं कामही कधी अडलं नाही. त्याच तासाच्या शेवटी सांगणं आणि कधीच न सांगणं यात मोठं अंतर आहे. पुढच्या आठवड्यावर ढकललं तर मात्र उशीर होतो, तोवर आपण काय म्हणत होतो हेच माणूस विसरलेला असतो.

लगेच आणि उशिरा यांची सरळ तुलना करणारे अभ्यासही झालेत. शाओफेंग ली आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये चीनमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या शाळकरी मुलांवर केला, त्यात वाक्य चूक की बरोबर हे ओळखण्यात दोन्ही पद्धतींचा फायदा दिसला, लगेच सांगितलेल्यांना थोडा जास्त. पण ऐकलेलं वाक्य तोंडानं बरोबर म्हणायच्या चाचणीत दोन्हींनी फारसा फरक पडला नाही. मला त्यातून दिसतं ते असं की चूक ओळखता येणं आणि तोंडातून बरोबर येणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्यासाठी परत बोलायला लावण्याशिवाय मला तरी रस्ता सापडलेला नाही.

लोक स्वतःच म्हणतात लगेच सांगा, त्याचं काय?

म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. त्यांना न सुधारणारा सर म्हणजे लक्ष न देणारा सर वाटतो. म्हणून मी बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकतो, "आता दोन मिनिटं मी गप्प, पण वही चालू आहे." वही दिसली की लोक निर्धास्त होतात. आणि त्यांनाच विचारतो, आज एकच गोष्ट सांगा ज्यावर मी तुम्हाला तिथंच बोट दाखवू. वैनींनी इल्ल-अल्ल निवडलं. ते एक सोडून बाकी कशालाच मी त्यांना अडवत नाही, आणि बोट वर केलं की त्यांना कळतं कशासाठी आहे, त्यामुळं एक शब्दही बोलायला लागत नाही.

प्रत्येक वेगळा शब्द म्हणजे चूक नव्हे

हे इथं सांगायलाच पाहिजे. पुस्तकात घराला मने आहे, इकडचे लोक मनि म्हणतात. पुस्तकात ननगे, इकडं ननग. वैनी शेजारणीकडून ऐकून "ननग गोत्तिल्ल" म्हणतात, मला माहीत नाही, आणि एकदा एका नव्या शिकवणाऱ्यानं त्यांना त्यावर टोकलं. आता ज्या बेळगावात त्यांना बोलायचंय तिथलं कन्नडच हे आहे. अर्ज लिहायचा असेल तेव्हा पुस्तकी रूप बघू, पण बोलण्याच्या तासात जे रूप शेजारी वापरतो ते चुकांच्या वहीत जायला नको. आधीच वेळ थोडा, तो बंदळुला द्यावा.

आणि वर्गात चाळीस जण असले तर?

सगळ्यांचं ऐकता येत नाही आणि ऐकायचं नाहीच. जोड्या बोलत असताना एका फेरीत चार-पाच जोड्यांजवळ मिनिट-मिनिट उभं राहायचं, दोन-तीन वाक्यं टिपायची, पुढच्या फेरीत दुसऱ्या जोड्या. सगळे मराठी बोलणारे असल्यामुळं चुका फार वेगळ्या निघत नाहीत, बस एकाची लेट होते आणि गाडी दुसऱ्याची, रोग एकच. ज्या चुकीचा वहीत तीनदा उल्लेख आला ती पुढच्या तासाचा धडा होते, एकदाच आलेली मी सोडून देतो, आणि जी गोष्ट अजून शिकवलेलीच नाही तिच्या चुका तर टिपतही नाही.

या आठवड्याच्या पानावर बंदळु दोनदाच आहे पण होदळु पाच वेळा आहे, त्यातलं एक वैनींचं, म्हणून सोमवारी सुरुवात गाडीपासून करायची आहे.